प्रबंध कधी देताय? विद्यापीठातून आलेल्या एका पत्राची गोष्ट

पीएच.डी. करणाऱ्याला नातेवाइकांनी विचारू नये असा एक प्रश्न असतो आणि तो सगळेच विचारतात: ‘झालं का?’ तोच प्रश्न विद्यापीठाचं कार्यालय जावक क्रमांक घालून विचारतं. कुठे या कार्यालयाला पीएच.डी. विभाग म्हणतात, कुठे थीसिस विभाग. तिथला कक्ष अधिकारी एक यादी काढतो, मुदत संपत आलेल्यांची नावं त्यात पाहतो आणि पत्रं पाठवतो. नेहमीचा मजकूर साधारण असा असतो: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण विहित मुदतीत प्रबंध सादर केलेला नाही. तरी त्वरित कार्यवाही करावी, अन्यथा नियमानुसार पुढील कारवाई करण्यात येईल.’

या पत्रात चूक काहीच नाही, पण उपयोगाचंही काही नाही. विहित मुदत म्हणजे कोणती तारीख? त्वरित म्हणजे दिवाळीच्या आधी की नंतर? पुढील कारवाई म्हणजे काय? वाचणारा घाबरतो, पत्र ड्रॉवरमध्ये टाकतो आणि कार्यालयाचा फोन आला की उचलत नाही. उशीर झालेले संशोधक आळशीच असतात असं नाही. त्यांना लाज वाटत असते, आणि मोघम पत्राने ती वाढते.

आधी नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. कोर्सवर्क त्यातच धरलं जातं आणि मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून होते. सहा वर्षांत झालं नाही तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. स्त्रिया आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले संशोधक यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत देता येते, पण एकूण काळ दहा वर्षांपलीकडे जात नाही. शिवाय स्त्रियांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत रजा आहे. यापूर्वीच्या, 2016च्या नियमांत सहा वर्षांनंतरची मुदतवाढ प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या अध्यादेशाप्रमाणे ठरवायची होती. त्यामुळे आपल्याला कोणता नियम लागू आहे हे संशोधकाला स्वतःला नेहमी माहीत असतंच असं नाही. ते पत्राने सांगायला हवं.

उशीर का होतो, याचं एक कारण फेलोशिपच्या हिशेबातच आहे. जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन, अशी मिळून पाच वर्षं पैसे येतात. प्रबंधाला मात्र सहावं वर्ष लागतं. पैसे थांबले की माणूस तासिका तत्त्वावर शिकवायला जातो. दोन कॉलेजांत तास, मधल्या वेळी एसटीचा प्रवास आणि रविवारी घरातली कामं, यांत लिहायचं राहून जातं. ज्यांना फेलोशिप कधी मिळालीच नाही त्यांचं हे पहिल्या दिवसापासूनच चाललेलं असतं. प्रयोगशाळेतल्या संशोधकाला निदान रोज तिथे जावं लागतं आणि कुणी तरी त्याला पाहतं. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतला संशोधक एकदा घरी बसला की वर्षभर दिसत नाही.

फायलीत मात्र तो दिसतो. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडायची असते आणि त्याचा अहवाल विभागात येतो. अनुभवी कक्ष अधिकारी त्या अहवालांतली फक्त एक गोष्ट पाहतो: वाक्य बदललं आहे का? ‘साहित्य संकलन सुरू आहे’ हे एकच वाक्य लागोपाठ तीन अहवालांत असेल आणि खाली मार्गदर्शकांची सही असेल, तर ती सही कामावर झालेली नसते. आठव्या वर्षी गंभीर पत्र पाठवण्यापेक्षा तिसऱ्या सारख्या अहवालाच्या वेळीच साधा फोन केला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. पण फोन करणं कुणाच्या कामाच्या यादीत नसतं.

आता एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवणारा, मराठी विषयाचा एक संशोधक आहे. सहा वर्षं संपली, पुनर्नोंदणी झाली, आणि आठवं वर्ष येत्या 15 जानेवारीला संपतं. पत्र जुलैत निघतं. म्हणजे हातात सहा महिने आहेत असं वाटतं, पण तसे ते नाहीत.

15 जानेवारीला प्रबंध जमा करायचा तर बांधणी, सॉफ्ट कॉपी, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, ग्रंथालयाचं आणि लेखा विभागाचं ना-देय प्रमाणपत्र हे सगळं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात हवं. त्याआधी ग्रंथालयातून साम्य तपासणीचा अहवाल घ्यावा लागतो. त्याआधी सल्लागार समितीपुढे सर्वांसाठी खुलं असलेलं पूर्वसादरीकरण व्हायला हवं आणि तिथे आलेल्या सूचना प्रबंधात घालायला हव्यात. समितीच्या सदस्यांची एकत्र तारीख मिळणं हे स्वतंत्रच काम आहे, आणि मध्ये दिवाळीची सुट्टी येते. म्हणजे पूर्वसादरीकरण नोव्हेंबर संपायच्या आत. त्यासाठी पूर्ण कच्चा मसुदा मार्गदर्शकांकडे सप्टेंबरअखेर जायला हवा, कारण तेही वाचायला महिना घेणार. मग लिहायला उरले ऑगस्ट आणि सप्टेंबर. पाच प्रकरणांपैकी दोन अजून लिहायची असतील तर एकेका प्रकरणाला महिना मिळतो.

तेव्हा संशोधकाच्या खऱ्या उपयोगाची तारीख 30 सप्टेंबर आहे, आणि पत्रात ती आली पाहिजे. फक्त 15 जानेवारी लिहिली तर तो नाताळात जागा होईल.

साम्य तपासणीबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी प्रबंध इथेच अडकतात. आयोगाच्या 2018च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. चाळीस ते साठच्या दरम्यान असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळायचे असतात. पण जुने संशोधक आणि गावातले टायपिंगवाले अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये काम करतात. तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. स्क्रीनवर आपल्याला देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची गिचमिड असते. सॉफ्टवेअरला त्यात काहीच ओळखीचं सापडत नाही आणि अहवाल शून्य टक्के येतो. शून्य पाहून खूश होण्याचं कारण नाही. ग्रंथपाल फाइल परत करतो, मजकूर युनिकोडमध्ये करून मागतो, आणि त्या रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार तुटतात. अडीचशे पानांतले तुटलेले रफार दुरुस्त करायला आठवडा सहज जातो. फाइल कोणत्या फाँटमध्ये आहे, एवढा प्रश्न जुलैच्या पत्रात विचारला तर तो आठवडा वाचतो.

हे सगळं ध्यानात घेतलं तर पत्र असं होईल:

‘महोदय, आपल्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजल्यास पुनर्नोंदणीची मुदत 15 जानेवारी रोजी संपते. त्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत प्रबंध जमा न झाल्यास नोंदणी रद्द होईल. यापुढे मुदतवाढ देण्याची तरतूद आपणांस लागू नाही, त्यामुळे तसा अर्ज कृपया करू नये.

प्रबंध वेळेत येण्यासाठी पूर्ण मसुदा 30 सप्टेंबरपर्यंत मार्गदर्शकांकडे आणि पूर्वसादरीकरण नोव्हेंबरअखेर होणे आवश्यक आहे. समितीची तारीख मिळत नसल्यास विभागास कळवावे, विभाग सदस्यांशी संपर्क साधेल. मसुदा कोणत्या फाँटमध्ये आहे तेही कळवावे. युनिकोड रूपांतरासाठी ग्रंथालयात मदत मिळेल.

कोणती प्रकरणे झाली आणि कोणती राहिली, एवढेच दहा दिवसांत कळवावे. मार्गदर्शकांशी संपर्कात अडचण असल्यास पत्रात लिहिण्याऐवजी प्रत्यक्ष भेटावे. आपली फाइल पाहून ठेवली आहे.’

‘अर्ज कृपया करू नये’ हे वाक्य अनेकांना कठोर वाटेल. माझ्या मते सगळ्या पत्रात तेच सर्वांत उपकाराचं आहे. ‘बघू, अर्ज करून ठेवा’ असं कुणी सहानुभूतीने म्हटलं की संशोधक लिहायचं सोडून अर्ज लिहितो, शिफारसपत्र मिळवतो, निर्णयाची वाट पाहतो. त्यात ऑक्टोबर जातो आणि उत्तर नाहीच येणार असतं. मात्र हेच पत्र एखाद्या स्त्री संशोधकाला जात असेल तर ते वाक्य चुकीचं ठरेल. तिथे सवलतीची दोन वर्षं आणि घेतलेली किंवा न घेतलेली 240 दिवसांची रजा यांचा हिशेब मांडूनच तारीख लिहावी लागेल. म्हणून अशी पत्रं एका साच्यातून शंभर काढता येत नाहीत. प्रत्येकाची फाइल उघडावी लागते, आणि बहुतेक कार्यालयांत तेच होत नाही.

शेवटच्या ओळीतली मार्गदर्शकांची अडचण हा नाजूक भाग आहे. ते निवृत्त झालेले असतात, दुसऱ्या गावी राहायला गेलेले असतात, किंवा दोघांत बोलणं बंद असतं. निवृत्तीनंतर सत्तर वर्षांपर्यंत त्यांना सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, पण मुख्य मार्गदर्शक सेवेतला हवा, आणि तो बदल समितीमार्फत कागदावर यावा लागतो. हे राहून गेलं असेल तर प्रमाणपत्रावर कुणी सही करायची हा प्रश्न जानेवारीत उभा राहतो, तेव्हा उशीर झालेला असतो. बोलणं बंद असेल तर ते कुणी पत्रात लिहून देत नाही, समोर बसल्यावर चहा घेता घेता सांगतो. कक्ष अधिकारी दोघांत समेट घडवू शकत नाही, पण केंद्रप्रमुखांना सांगून समितीची बैठक लावू शकतो.

कार्यालयाला प्रकरण लिहून देता येत नाही, समितीचं मत बदलता येत नाही आणि आयोगाचा नियम वाकवता येत नाही. मुदतीच्या दिवशी खिडकी किती वाजेपर्यंत उघडी राहील, एवढं मात्र त्याला आधी सांगता येतं.

पत्र मिळालेल्याने दहा दिवसांत उत्तर द्यावं, चार ओळींचं का होईना. ‘तीन प्रकरणे पूर्ण, चौथे अर्धे, पाचवे सुरू नाही’ असं लिहिताना संकोच वाटतो, पण असं लिहिणाऱ्याचीच फाइल वर ठेवली जाते. आणि एक गैरसमज आधीच दूर करावा: 15 जानेवारी ही प्रबंध जमा करण्याची तारीख आहे. व्हायवाही तोवर व्हायला हवा असं समजून काही जण नोव्हेंबरातच हात टेकतात. प्रबंध जमा झाल्यावर तो किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात, मग तोंडी परीक्षा होते, आणि ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करण्याची जबाबदारी विद्यापीठाची असते. तो उशीर झाला तर स्मरणपत्र पाठवण्याची पाळी संशोधकाची.