लाखाचा आकडा एकदाच

माझ्या मावसबहिणीच्या स्वयंपाकाच्या यूट्यूब चॅनेलला १ लाख सबस्क्रायबर झाले, तेव्हा आभाराच्या व्हिडिओसाठी तिने मजकूर लिहून मला दाखवला. ‘आज मी एक लाखाचा टप्पा गाठला. चार वर्षं मी दिवसरात्र मेहनत घेतली. मी कधी हार मानली नाही.’ यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी फुशारकी वाटत होती, कारण प्रत्येक वाक्यात करणारी तीच. ज्यांचे आभार मानायचे, ते प्रेक्षक कुठेच नव्हते.

मग तिने दुसरं टोक गाठलं: ‘माझी काही लायकी नाही, मला कुठे काय येतं!’ तेही मी काढायला लावलं. असं ऐकलं की समोरच्याला ‘नाही हो, छान करता’ म्हणावं लागतं. शिवाय तिचं बघून रोज घरी रांधणाऱ्या बायकांना ते कसं वाटेल?

आम्ही जुन्या प्रतिक्रिया काढून बसलो. प्रेक्षकांनी नेमकं काय केलं, ते शोधत. भाकरीच्या व्हिडिओखाली एकीने चूक दाखवली होती. त्यावरून हा मजकूर झाला:

‘नमस्कार. आज आपण एक लाख जण झालो. पण मला आठवतोय तो भाकरीचा व्हिडिओ. माझी भाकरी थापताना चिरत होती आणि मी म्हणत होते, पाणी कमी पडलं. तुमच्यातल्या एका ताईंनी लिहिलं, पीठ जुनं आहे, त्याची विरी गेली आहे, उकळत्या पाण्याने मळा. तसं केलं आणि भाकरी जमली. ताई, त्या दिवसापासून मी तशीच करते. मीठ जास्त झालं तेही तुम्ही सांगितलंत, आणि पुढच्या वेळी परत आलात. मनापासून आभार.’

आकडा एकदाच, पहिल्याच दमात. तो लपवला तर व्हिडिओ कशासाठी आहे तेच कळत नाही. पुन्हापुन्हा उच्चारला तर कानाला खटकतो. त्या ताईंचं नाव घेतलं नाही, कारण त्यांना विचारलेलं नव्हतं. शेवटी ‘आता दोन लाख करूया, शेअर करा’ असं तिने जोडलं होतं. ते खोडलं. आभार मानता मानता हात पुढे केला की आधीचं सगळं त्या मागणीसाठीच होतं, असं वाटतं.

मजकूर मोठ्याने वाचला तर पाऊण मिनिटाच्या आसपास भरतो. पाठ करून बोलली तेव्हा तो भाषणासारखा वाटला. म्हणून तिने फक्त तीन शब्द कागदावर ठेवले: लाख, विरी, मीठ. यूट्यूबकडून १ लाखाला मिळणारं चांदीच्या रंगाचं मानचिन्ह मागच्या फळीवर ठेवायचं तिच्या मनात होतं. तिथे तिने ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला आणि बोलता बोलता पीठ मळायला घेतलं. व्हिडिओ संपतो तेव्हा तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली दिसते.