अकराची कॉफी

सेनापती बापट रस्त्यावरच्या त्या कॉफीच्या गाडीकडे माझं लक्ष गेलं ते एका सहकाऱ्याच्या बोलण्यामुळे. कप तोंडाला लावत तो सहज म्हणाला, "वीस रुपयांतले पंधरा तरी याला सुटत असणार." गाडीवाल्याने ते ऐकलं होतं. फिल्टरचं झाकण पुसत तो एवढंच म्हणाला, "एक कप अकराला पडतो, साहेब." हे अकरा आले कुठून, ते पाहायचं ठरवून पुढे मी त्याच्या गाडीशी उभा राहू लागलो.

हिशेबाची सुरुवात पुडीपासून. तो ८०:२० ची पूड घेतो, म्हणजे ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी. भाव किलोला ८०० रुपये. सकाळी पितळेच्या मोठ्या फिल्टरमध्ये पाव किलो पूड घालून, हलकेच दाबून, वरून सव्वा लिटर उकळतं पाणी सोडतो. खाली उतरतं ते मात्र सातशे मिलिलिटरच्या आसपास. पूड आपल्या वजनाच्या दुपटीने पाणी धरून ठेवते, ते परत मिळत नाही. एका कपाला वीस मिलिलिटर डिकॉक्शन धरलं तर एका घाण्यात पस्तीस कप होतात. दोनशे रुपयांच्या पुडीचे पस्तीस भाग केले की एका कपात पावणेसहा रुपयांची पूड जाते. अकरातली निम्मी रक्कम इथेच संपली.

पासष्ट मिलिलिटर दूध, लिटरला साठच्या भावाने, तीन रुपये नव्वद पैसे. साखर तीस पैसे. कागदी कप साठ पैसे. गॅस पासष्ट पैसे. बेरीज अकरा रुपये आणि वर थोडे पैसे. गाडीवाला खरंच बोलला होता.

पण त्या पासष्ट पैशांपाशी मी अडकलो. १९ किलोची निळी टाकी त्याला १७०० ला पडते आणि साधारण बारा दिवस पुरते. दिवसाला २२० कप धरले तर पासष्ट पैसे बरोबर निघतात. मात्र एक कप दूध आणि त्यापुरतं पाणी गार असताना उकळीपर्यंत न्यायला, शेगडीवर वाया जाणारी आच धरूनसुद्धा, जेमतेम एक ग्रॅम गॅस लागतो. त्याची किंमत नऊ-दहा पैसे. उरलेले पंचावन्न पैसे जातात गिऱ्हाईक येण्याची वाट बघण्यात. दुधाचं पातेलं सकाळी सातपासून मंद आचेवर असतं, कारण 'गरम करून देतो, थांबा' म्हटलं की माणूस शेजारच्या चहाच्या टपरीकडे वळतो. दुपारी अडीचला रस्ता ओस पडलेला असताना त्या पातेल्याखालची निळी ज्योत मी कितीदा तरी पाहिली. गिऱ्हाईक नसलं तरी ती जळतच असते आणि त्याचे पैसे संध्याकाळच्या कपांवर चढतात.

त्या ज्योतीचा दुसरा खर्च दुधात निघतो. आटलेल्या दुधात तो मधूनमधून गरम पाणी घालतो. मी बघतोय हे लक्षात आल्यावर स्वतःहून म्हणाला, "उडालं तेवढंच घालतो, जास्त नाही." माझा त्याच्यावर विश्वास आहे, कारण जास्त पाणी पडलं तर डिकॉक्शनखाली रंग लगेच राखट दिसतो आणि त्याची नेहमीची माणसं रंग बघून कप उचलतात. पाणी परत घालता येतं. काढून टाकलेली साय, तळाला धरलेला थर, उतू गेलेलं दूध परत येत नाही. दूध लागायला लागलं की गोडूस, जळकट वास सुटतो. तो आला की हाताखालचा पोरगा बोलणं अर्धं टाकून पातेल्याकडे झेपावतो. कागदावर २२० कपांना सव्वाचौदा लिटर दूध पुरायला हवं, प्रत्यक्षात सोळा लिटर संपतं.

पुडीचंही तसंच. कपांना लागते सव्वासहा घाण्यांची पूड, पण तो सात घाणे लावतो, कारण सातव्यातलं उरलेलं डिकॉक्शन दुसऱ्या दिवशी चालत नाही. रात्रीतून त्याला आंबूस चव येते. शिवाय ओळखीच्यांना फुकट दिलेले, सांडलेले, चिरलेले कप. हे सगळं मिळवलं की अकराचे सव्वाबारा होतात. सव्वा रुपया म्हणजे काहीच नाही असं वाटतं. २२० कपांवर ते रोजचे पावणेतीनशे रुपये आहेत.

ही गळती त्याला कळते ती कपांवरून. रात्री तो गल्ला मोजण्याआधी कपांची पाकिटं मोजतो. पन्नासाचं एक पाकीट म्हणजे हजार रुपये यायला हवेत. रोख आणि फोनवर आलेले मिळून कमी भरले, तर कप कुठे गेले याची चौकशी सुरू. पोराला हे माहीत असल्यामुळे मित्रांना तो स्टीलच्या पेल्यात कॉफी पाजतो!

'अकराला घेतो, वीसला विकतो, नऊ सुटतात' असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वजाबाकीचं पान उलटलेलं नसतं. सव्वाबाराने दिवसाला जवळपास १७०० उरतात. त्यातून पोराची मजुरी ५००, ज्या दुकानासमोर गाडी लागते त्याला ३००. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत उभं राहून त्याच्या हाती नऊशे येतात. जुलैत एका पावसाच्या दिवशी नव्वदच कप गेले. पूड आणि दूध त्याने बेताने काढलं, पण गॅस तेवढाच जळला, आणि कप साडेचौदाला पडला. पोरगा आणि जागा यांचे पैसे देऊन त्या दिवशी खिशातले तीनशे गेले.

पुडीचा भाव मध्यंतरी भडकला तो इथल्या कुणामुळे नाही. ब्राझीलमधला दुष्काळ, व्हिएतनाममधलं कमी पीक. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पाउंडाला चार डॉलरच्या वर गेली होती. त्याची पूड साडेपाचशेवरून आठशेवर आली, म्हणजे कपामागे पावणेदोन रुपये. त्याने आधी ६०:४० करून पाहिलं. कायद्याने कॉफी ५१ टक्क्यांखाली नको, तेव्हा हरकत नव्हती, आणि चिकोरीने डिकॉक्शन काळंभोर, दाटही दिसतं. कपामागे ऐंशी-पंच्याऐंशी पैसे वाचले. पण चिकोरीने ठिबक मंदावली, सकाळच्या गर्दीत फिल्टर उतरेना, आणि जुन्या गिऱ्हाइकांनी 'आज काढा दिलात का' विचारलं. आठवड्यात तो ८०:२० वर परतला.

आता त्याच्या डोक्यात बावीस रुपये आहेत. निम्म्याहून जास्त लोक फोनवरून पैसे देतात, सुट्ट्यांची अडचण नाही. मला म्हणाला, "तुम्ही हिशेब मांडता, तर सांगा, किती माणसं तुटली तरी चालेल?" मी वहीत मांडलं. गॅस सोडून आज कपामागे सुमारे आठ रुपये चाळीस पैसे राहतात, बावीसला दहा चाळीस राहतील. म्हणजे २२० चे १७८ कप झाले तरी हाती आजच्याएवढेच उरतील. बेचाळीस माणसं गेली तरी चालेल, मी सांगितलं.

तो जरा वेळ समोरच्या काचेच्या इमारतीकडे बघत राहिला. "तिथून साडेदहाला वीस जण एकदम येतात," तो म्हणाला. "त्यांतला एक बोलला ना 'महाग झाली', की वीसही चहावर जातात. मग बेचाळीस व्हायला दोनच माणसं लागतात, साहेब." पाटीवरचा भाव त्याने अजून बदललेला नाही.