भाजीवाल्याच्या तोंडची कविता

प्लास्टिकविरोधी मोहीम निघाली की मंडईच्या दाराशी एक कविता लागते. तिच्यात प्लास्टिक हा राक्षस असतो, वसुंधरा रडत असते आणि शेवटी सगळे मिळून शपथ घेतात. बऱ्याचदा ही कविता फ्लेक्सवर छापलेली असते, म्हणजे प्लास्टिकवरच. पण तिची खरी अडचण वेगळी आहे. ती कोण कोणाला म्हणतंय, हेच कळत नाही.

गाळ्यावर काय घडतं ते पाहा. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं, अर्धा किलो भेंडी तोलून घेतं आणि मग म्हणतं, "पिशवी द्या ना." भाजीवाल्याने नाही म्हटलं तर शेजारचा देतो. ज्या धंद्यात एका जुडीवर दोन-चार रुपये सुटतात, तिथे गिऱ्हाईक पिशवीपायी गमावणं परवडत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या वेळी पाच हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदी वापरणाऱ्यालाही लागू आहे. पण गिऱ्हाईक चालतं असतं आणि गाळा जागेवर, त्यामुळे तपासणी आली की सापडतो गाळेवालाच.

म्हणजे पिशवीचा निर्णय मंडईत होत नाही, तो गिऱ्हाइकाच्या घरात, दार ओढून घेताना होतो. म्हणूनच मोहिमेची कविता भाजीवाल्याला उपदेश करणारी नको. ती भाजीवाल्याच्या तोंडी हवी, गिऱ्हाइकाला उद्देशून, आणि तराजू स्थिर होईपर्यंत म्हणून होईल एवढीच.

एवढ्याशा वेळेत बसणारा छंद आपल्याकडे तयार आहे. मोठ्या अभंगाचं एक कडवं चार चरणांचं असतं. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघु-गुरूचा हिशेब नाही, फक्त अक्षरं मोजायची. एकूण बावीस अक्षरं. मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारे अरणचे सावता माळी ज्या परंपरेतले, तिचा हा छंद वारीला जाणाऱ्या कुठल्याही भाजीवाल्याच्या कानात बसलेला असतो. त्याला चाल शिकवावी लागत नाही. सुरुवात मग अशी होते:

ताई, थैली कुठे?
दारामागे खुंटी,
तिला मारी मिठी
दिसभर.

इथे आरोप नाही, थट्टा आहे. पिशवी घरात आहे, फक्त खुंटीला चिकटून बसली आहे, हे गिऱ्हाइकालाही पटतं. पहिल्या शब्दाची दोन अक्षरं मुद्दाम ठेवली आहेत. ताईच्या जागी दादा, काका, काकू काहीही बसतं. मावशी आली तर मात्र एक अक्षर जास्त होतं, ते भाजीवाला सहज गिळून टाकतो.

पुढचा भाग माझ्या मते सगळ्यात कामाचा, आणि मोहिमांच्या कवितांत तो नेमका नसतो. लोक कापडी पिशवी टाळतात त्यामागे विसरण्याइतकंच मोठं कारण हे, की एकाच पिशवीत सगळं टाकलं की टोमॅटो फुटतो, मेथी चुरगळते आणि ओल्या पालकाने तळ भिजतो. प्लास्टिकच्या चार छोट्या पिशव्या घेतल्या की ही कटकट संपते. कवितेने तिलाच उत्तर द्यायला हवं:

तळाशी बटाटे,
कांदे त्याच्यावर,
गवार, गाजर,
मग वांगी.

टमाटे शेवटी,
त्यांना नको भार,
कोथिंबीर गार
माथ्यावर.

मिरचीला डबा,
मेथीला रुमाल,
मग कसे हाल
वाटेवर?

जड खाली, नाजूक वर, एवढंच. पण या क्रमाचा फायदा असा की खरेदीही याच क्रमाने करावी लागते. आधी कांदे-बटाट्याच्या गाळ्यावर, पालेभाजी सगळ्यात शेवटी. ज्यांचा उलटा फेरा होतो, त्यांची जुडी बटाट्याखाली जाते आणि दोष पिशवीला मिळतो. सुटी मिरची, आलं, लिंबू यांच्यासाठी घरातला झाकणाचा डबा पुरतो. रुमालात गुंडाळलेल्या मेथीचं पाणी रुमाल शोषून घेतो. पावसाळ्यात जुड्या निथळून घ्याव्यात, नाहीतर रुमालही हरतो.

दंडाचं कडवं हवं की नको, यावर दोन मतं होतील. मी ते ठेवेन, पण गिऱ्हाईक अडून बसलं तरच म्हणण्यासाठी:

पिशवी फुकट
मिळते तुम्हाला,
दंड बसे मला
हजारांचा.

रोजच्या गिऱ्हाइकाला हे ऐकवलं तर ते टोमणा समजून पुढच्या गाळ्यावर जाईल.

आता पिशवीकडे येऊ, कारण कविता चांगली आणि पिशवी खोटी, असं फार होतं. मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या अनेकदा नॉनवूव्हन असतात. त्यांना विणकर नाही आणि सूत नाही. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे धागे उष्णतेने एकमेकांना चिकटवून ते कापड बनतं. उजेडात धरलं तर उभे-आडवे धागे दिसत नाहीत, दाबाच्या ठिपक्यांची नक्षी दिसते. काठाचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटत्या काडीजवळ नेला तर तो आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांनी चुरते. मोहिमेचा पैसा खर्च करण्याआधी ही परीक्षा एका काडीत होते.

सुती पिशवीही फुकटात निर्माण होत नाही. कापसाला पाणी, खत, वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासाने हिशेब मांडला होता. फक्त हवामानबदलाच्या दृष्टीने पाहिलं, तरी नवी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरली तेव्हा कुठे ती साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. पाणी आणि इतर परिणाम धरले तर हा आकडा हजारांत जातो. तो हिशेब तिथल्या परिस्थितीचा, आणि प्लास्टिक गटारात अडकण्याचा भाग त्यात नाही. तरी आठवड्याच्या बाजाराला नेलेली पिशवी वर्षभर टिकायलाच हवी, हे त्यातून कळतं. म्हणून दर वर्षी नवी पिशवी वाटण्यापेक्षा जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली बरी. तिचा कापूस आधीच पिकून झालेला आहे. शिवताना बंद नुसते काठाला टाचू नयेत. ते दोन्ही अंगांनी पिशवीच्या तळाखालून फिरवून घ्यावेत, म्हणजे चार-पाच किलोंचं ओझं शिवणीवर न येता पट्ट्यावर येतं. कापडी पिशव्या बहुतेक वेळा बंदाच्या टाक्यापाशीच फाटतात.

शेवटचं कडवं भाजी हातात देताना म्हणायचं, आधी नाही. तोलण्याआधी म्हटलं तर ती अट वाटते, पैसे घेतल्यावर म्हटलं तर निरोप वाटतो:

किल्ली ज्या खुंटीला,
थैली तिथे टांगा,
मग भाजी मागा
हवी तशी.

पाठ करायला सांगायचंच झालं तर भाजीवाल्याला पहिलं आणि हे शेवटचं, एवढी दोनच कडवी द्यावीत. मधली तीन खडूने काळ्या पाटीवर लिहून तराजूशेजारी ठेवावीत, म्हणजे सुटे पैसे येईपर्यंत गिऱ्हाईकच ती वाचत बसेल. भाज्यांची नावं मोसमाप्रमाणे पुसून बदलता येतात. गवार गेली की घेवडा, अक्षरं तेवढीच.