कॅशलेस, तरी खिशातून साडेअकरा हजार

अपघातानंतर गाडी ‘कॅशलेस’ गॅरेजला लावली की एकही रुपया द्यावा लागणार नाही, असे अनेकांना वाटते. गाडी न्यायला गेल्यावर हातात बिल पडते आणि वाद सुरू होतो. खरे तर कॅशलेसमध्ये विमा कंपनी मंजूर रक्कम थेट गॅरेजला देते, एवढेच. रिइम्बर्समेंटमध्ये मालक आधी पूर्ण बिल भरतो आणि मंजूर रक्कम नंतर त्याच्या खात्यात येते. ती ठरवण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच असते.

समजा, साडेतीन वर्षांची, बाराशे सीसीची गाडी दुभाजकावर आदळली. गॅरेज एस्टिमेट तयार करते आणि सर्व्हेयर गाडी पाहायला येतो. नुकसान पन्नास हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर परवानाधारक सर्व्हेयरच लागतो. मार कुठून बसला, तो सांगितलेल्या घटनेशी जुळतो का, हे तो आधी तपासतो. मागच्या दारावरचा गंजलेला ओरखडा समोरच्या धडकेत पडलेला नसतो, म्हणून तो खर्चातून वगळला जातो. मग प्रश्न येतो बदलायचे काय आणि दुरुस्त करायचे काय. गॅरेजने नवा फेंडर मागितला, पण तो ठोकून सरळ होण्यासारखा असेल, तर सर्व्हेयर फक्त डेंटिंगची मजुरी धरतो.

आता मंजूर खर्च पाहू. सोयीसाठी कर बाजूला ठेवू. बंपर ८,०००, बॉनेट १२,०००, मजुरी ६,०००, रंगकाम १२,०००. बंपर उघडल्यावर रेडिएटरही वाकलेला निघाला. त्याचे ८,००० पुरवणी एस्टिमेटने जोडले. एकूण ४६,०००.

यातून घसारा वजा होतो. प्लास्टिकवर निम्मा, म्हणून बंपरचे ४,००० गेले. या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे बॉनेटचे ३,००० आणि रेडिएटरचे २,०००. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगसामग्रीचा धरतात आणि त्यावर निम्मी कपात होते, म्हणजे १,५००. मजुरीला घसारा नाही. शिवाय दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० मालकाकडेच. कंपनीचा वाटा ३४,५००, मालकाचा ११,५००. ‘झिरो डेप’ची जोड असती, तर हेच ११,५०० एक हजारावर आले असते.

सर्वांत मोठी चूक होते ती घाईत. रिइम्बर्समेंट घेणारा ओळखीच्या मेकॅनिककडून काम उरकून घेतो आणि नंतर कळवतो. तोवर वाकलेला रेडिएटर भंगारात गेलेला असतो, मग सर्व्हेयरने मोजायचे काय? पुरवणी काम मंजुरीआधीच केले, तर कॅशलेसमध्येही हेच होते.

म्हणून सर्व्हे होईपर्यंत गाडीला पाना लावू देऊ नका, बदललेले जुने भाग जपून ठेवायला सांगा आणि कपात पटली नाही तर सर्व्हे अहवालाची प्रत मागून घ्या.