गोंगाटातला सूर : एक आलेख की सरासरी?

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. आकाशातून आलेल्या लहरींत कोणत्या वारंवारितेला किती शक्ती, हे तिथे गोंगाटातून शोधावं लागतं.

समजा, 16 सेकंदांची नोंद आहे. सगळीचा एकच आलेख काढला, तर बारकावा मिळतो, पण गोंगाटाचा प्रत्येक बिंदू जवळपास 100 टक्के डळमळतो. नोंद लांबवली तरी ही डळमळ कमी होत नाही!

वेल्च यांची 1967 ची पद्धत अशी : एकमेकांवर निम्मे चढणारे 1 सेकंदाचे 31 तुकडे करा, प्रत्येकाची टोकं हळूहळू शून्यावर आणा, मग आलेखांची सरासरी घ्या. टोकांशी दबलेली माहिती शेजारच्या तुकड्यात भरून निघते. डळमळ सुमारे 18 टक्क्यांवर येते.

पण अर्धा हर्ट्झ अंतरावरचे दोन सूर आता एकच शिखर दिसतात. शंका आली तर 8 सेकंदांचे तुकडे करून बघा. शिखर दुभंगलं, म्हणजे सूर दोन! मात्र तुकडे तीनच उरतात आणि डळमळ 60 टक्क्यांजवळ जाते.