जांभळा शाम्पू कुठे चालतो, कुठे नाही

काळ्याभोर केसांना ब्लीच लावलं की ते थेट सोनेरी होत नाहीत. काळ्याचे आधी लालसर तपकिरी होतात, मग लाल-नारिंगी, मग नारिंगी, मग पिवळट नारिंगी, त्यानंतर पिवळे आणि अगदी शेवटी फिकट पिवळे. पार्लरमध्ये या प्रवासाला लेव्हलचे आकडे दिलेले असतात. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे फिकट पिवळा. आपल्याकडचे बहुतेक केस १ किंवा २ लेव्हलचे असतात, त्यामुळे एका बैठकीत ते साधारण नारिंगी टप्प्यापर्यंतच येतात. परदेशी व्हिडिओंमध्ये जांभळ्या शाम्पूची जी करामत दिसते, ती ९ किंवा १० लेव्हलच्या पिवळ्या केसांवरची असते. तीच बाटली आपल्या नारिंगी केसांवर रिकामी केली तरी फारसा फरक पडत नाही, तो याच कारणामुळे.

ब्लीच म्हणजे पर्सल्फेटची पावडर आणि डेव्हलपर, म्हणजेच हायड्रोजन पेरॉक्साइड. २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये पेरॉक्साइड ६ टक्के असतं, ३० व्हॉल्यूममध्ये ९ टक्के. या अल्कलीयुक्त मिश्रणाने केस फुगतो, त्याच्यावरचे खवले उघडतात आणि पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिन हे रंगद्रव्य तोडतं. पण मेलॅनिन एका झटक्यात नाहीसं होत नाही. अर्धवट तुटलेलं मेलॅनिन लालसर, नारिंगी, पिवळं दिसतं. पार्लरवाल्या ताईंच्या बोलण्यात ज्याला ‘वॉर्म टोन’ म्हणतात, तो वेगळा काही रंग नसून केसात शिल्लक राहिलेलं हेच द्रव्य असतं.

ते काढायचं तर आणखी ब्लीच करावं लागेल आणि केस आणखी कमकुवत होतील. म्हणून दुसरा मार्ग निघाला: ते काढायचं नाही, झाकायचं. पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो, तेच हे तत्त्व. पिवळा केस प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषून घेतो आणि बाकीचा परत पाठवतो. त्यावर जांभळ्या रंगाचा पातळ थर बसला की तो पिवळा-हिरवा भाग शोषतो. दोन्ही मिळून सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच कमी होतो आणि डोळ्याला पिवळ्याऐवजी राखाडी किंवा रुपेरी दिसतं. म्हणजे जांभळा शाम्पू केस उजळ करत नाही. उलट मोजमाप केलं तर ते किंचित गडदच झालेले असतात, फक्त पिवळी झाक गेल्यामुळे पांढरे भासतात. वयामुळे पिकलेल्या पण पिवळट पडलेल्या केसांनाही तो छान लागू पडतो, कारण तिथेही झाक पिवळीच असते. नारिंगीच्या विरुद्धचा रंग मात्र निळा आहे. नारिंगी केसांवर जांभळा चढवला तर ती झाक कापली जात नाही. तिथे निळा शाम्पू हवा, आणि नारिंगी फार गडद असेल तर शाम्पूच्या हलक्या रंगाचा निभाव लागत नाही, पार्लरमध्ये निळ्या छटेचा टोनरच लावावा लागतो.

माझ्या भाचीच्या केसांवर हा सगळा हिशोब एकाच वेळी पाहायला मिळाला. ती पुण्यात असते. खांद्यापर्यंतच्या काळ्या केसांवर तिने गेल्या वर्षी हायलाइट्स केले होते, यंदा पुन्हा त्याच बटा टोकांपर्यंत उजळून घेतल्या. टोनर लावल्यावर सगळं एकसारखं राखाडी-बेज दिसत होतं. काही आठवड्यांनी टोनर धुतला गेला आणि बटांचा मधला भाग तांबूस-नारिंगी, तर टोकं पिवळी झाली. मग तिने जांभळा शाम्पू आणला, सगळ्या केसांना एकदमच लावला आणि चांगला वीसेक मिनिटं ठेवला. धुतल्यावर मधला भाग होता तसाच नारिंगी राहिला आणि टोकं चक्क फिकट जांभळी झाली. तिला वाटलं, शाम्पू बनावट आहे. शाम्पू चोख होता.

मधला भाग का बदलला नाही, ते वर आलंच आहे. टोकांचं कारण जास्त रंजक आहे. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर मेदाम्लाचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. १८-एमईए या नावाने तो ओळखला जातो. त्याच्यामुळे केस पाणी झटकून टाकतो आणि बटा एकमेकींवरून घसरतात. ब्लीच हा थर उपटून काढतं. शिवाय केराटिनमधले डायसल्फाइड बंध तुटून तिथे सिस्टेइक आम्ल तयार होतं आणि केसाला जास्त ऋणभार येतो. असा केस पाणी पितो, फुगतो आणि रंगही अधाशासारखा ओढतो. भाचीची टोकं दोनदा ब्लीच झालेली होती, त्यामुळे जिथे दोन मिनिटं पुरली असती तिथे वीस मिनिटांत रंग भसाभस शिरला.

उपाय साधा निघाला. टोकांचा जादा जांभळा रंग नेहमीच्या साध्या शाम्पूच्या दोन-तीन धुण्यांत उतरला, कारण हा रंग केसात पक्का होत नाही, वरवरच राहतो. मधल्या भागाला पार्लरमध्ये निळा टोनर लागला. आता ती आठवड्यातून एकदा ओल्या केसांवर जांभळा शाम्पू लावते, तोही फक्त टोकांना, आणि दोन मिनिटांत धुते. मधल्या भागासाठी निळा कंडिशनर वापरते. पहिल्या खेपेला मागच्या बाजूच्या एका बटेवर करून पाहावं आणि ती पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरून बघावी. ओला केस गडद दिसतो आणि बाथरूमचा दिवा रंगाबाबत फसवतो.

बाटली घेताना मागच्या यादीत रंगद्रव्य शोधावं. बऱ्याच जांभळ्या शाम्पूंत सीआय ६०७३० असा क्रमांक दिसतो. ते ॲसिड व्हायोलेट ४३ हे रंगद्रव्य. शाम्पूची खरी अडचण अशी की एकाच वेळी तो रंग चढवतो आणि फेसाने तोच रंग धुऊनही काढतो, म्हणजे दोन उलट कामं करतो. म्हणून तेवढ्याच रंगाचा कंडिशनर किंवा मास्क बहुधा जास्त रंग सोडतो. केस कोरडे, राठ झालेले असतील तर मी शाम्पूऐवजी मास्कच घ्यायला सांगेन.

आता रंग टिकवण्याचं. ‘कलर सेफ’ किंवा ‘सल्फेट फ्री’ असं लिहिलेला शाम्पू घेतला की प्रश्न मिटला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. रंगवलेल्या केसातून रंग बाहेर काढणारं मुख्य द्रव्य पाणीच आहे. केस भिजला की फुगतो आणि आतले रंगाचे सुटे रेणू पाण्यात झिरपतात. नुसत्या पाण्याने धुतलं तरी रंग उतरतोच, आणि ब्लीच केलेला केस जास्त पाणी पीत असल्यामुळे त्याच्यातून जास्त उतरतो. सौम्य शाम्पूने खरखरीतपणा कमी होतो, कंडिशनिंगचे घटक टिकतात, हा फायदा आहेच. पण सल्फेट नाही म्हणजे शाम्पू सौम्यच असेल असं नाही. ओलेफिन सल्फोनेटसारखं कडक साबणी द्रव्यही ‘सल्फेट फ्री’ बाटलीत बसतं. रंगाच्या दृष्टीने बाटली बदलण्यापेक्षा आठवड्यातलं एक धुणं कमी करणं, पाणी कोमट ठेवणं आणि केस फार वेळ भिजत न ठेवणं जास्त उपयोगी.

धुण्याआधी खोबरेल लावण्याची आपली सवय इथे चांगलीच कामाला येते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती. धुताना केसातून निघून जाणारी प्रथिनं फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, निरोगी केसांतही आणि खराब झालेल्या केसांतही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाच्या मेदाची साखळी लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतं आणि पाण्याने होणारी फुगण्याची क्रिया आवरतं. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीचं आहे, हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं, कारण आत शिरण्याचं कारण रेणूच्या रचनेतच आहे.

उष्णतेचा विषय मात्र अधिक गंभीर आहे, कारण तिथे झालेलं नुकसान भरून येत नाही. कोरड्या केसाचं केराटिन साधारण २३० ते २४० अंश सेल्सियसच्या आसपास आपली रचना सोडतं. ब्लीचने बंध आधीच तुटलेले असतील तर सहनशक्ती आणखी कमी. बाजारातले अनेक स्ट्रेटनर २३० अंशांपर्यंत तापतात. ब्लीच केलेल्या केसांसाठी १५० ते १७० अंश पुरे आणि एका बटेवरून एकदाच फिरवायचं. पाच वेळा फिरवावं लागत असेल तर बट जाड घेतली आहे, तापमान कमी नाही.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर हा सर्वांत मोठा घात. केसातलं पाणी बाहेर पडायच्या आधीच वाफ होऊन फुगतं आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. याला ‘बबल हेअर’ म्हणतात. अभ्यासात १२५ अंशांचं कर्लिंग टाँग ओल्या केसावर मिनिटभर धरल्यानेही असे बुडबुडे दिसले आहेत. घरी त्याची खूण म्हणजे चर्र असा आवाज आणि उठणारी वाफ. तिथेच थांबावं.

हीट प्रोटेक्टंट स्प्रेमधली सिलिकोन आणि पॉलिमर केसावर पातळ पडदा धरतात, उष्णता हळू आणि सारखी पसरवतात. पण तो पडदा २३० अंशांना १५० करत नाही. ड्रायरबद्दल मात्र भीती थोडी कमी करायला हरकत नाही. २०११ च्या एका कोरियन अभ्यासात १५ सेंटिमीटर अंतरावरून सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरने केसाच्या पृष्ठभागावर परिणाम झाला, पण आतल्या पेशींना जोडणाऱ्या पटलाचं नुकसान दिसलं ते आपोआप वाळू दिलेल्या केसांत, बहुधा ते फार वेळ ओले राहिल्याने. तेच ड्रायर ५ सेंटिमीटरवर आणलं तर हवेचं तापमान ९५ अंशांपर्यंत गेलं होतं.

आणि एक गोष्ट पार्लरमध्ये क्वचितच सांगितली जाते. स्ट्रेटनरची तापलेली पट्टी टोनर उतरवतेच, शिवाय केसातलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल उष्णतेने बिघडून केस स्वतःच पिवळट पडतो. रोज इस्त्री करणाऱ्या मुलीला जांभळा शाम्पू वरचेवर लागतो, तो बऱ्याचदा यामुळे. केस किती कमकुवत झालाय हे कळायला ओली बट बोटांत ताणून पाहावी. थोडी ताणून परत आली तर ठीक. रबरासारखी लांबत गेली आणि तशीच राहिली किंवा तुटली, तर त्या केसांवर पुन्हा ब्लीच करायचं नाही, आणि बुडबुडे झालेला भाग कापूनच टाकावा लागतो.