मोनोपॉलीत सोंगटी कुठे जास्त थांबते?
मोनोपॉलीच्या पटावर 40 घरं. नुसतेच फासे टाकत राहिलं, तर लांबच्या खेळात प्रत्येक घराच्या वाट्याला सारखेच 2.5 टक्के येतात. हा समतोल 'जेलमध्ये जा' आणि चिठ्ठ्या मोडतात. मार्कोव्ह साखळीत एका घरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या शक्यता 40 बाय 40 च्या तक्त्यात मांडायच्या आणि आकडे स्थिरावेपर्यंत तक्ता गुणत राहायचा. सर्वांत पुढे येतं जेल! तिथून नारिंगी जागा 6, 8 आणि 9 घरांवर. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 14 तिथेच नेतात. म्हणून मी नारिंगी सोडत नाही. मात्र सलग तीन डबल पडले तरी जेलच, त्यामुळे आधी किती डबल पडले तेही धरावं लागतं आणि 40 च्या किमान 120 स्थिती होतात.